डेंग्यू ज्वर : लहान मुलांतील अवस्था, धोक्याची लक्षणे आणि प्लेटलेटची घट

डेंग्यू विषाणूच्या चार प्रकारांपैकी कोणत्याही एकामुळे होणारा हा तीव्र ज्वर एडीस जातीच्या डासाच्या मादीमार्फत पसरतो. डास चावल्यानंतर साधारणतः ४ ते १० दिवसांनी ताप येतो. पुढे आजार ज्वरावस्था, संकटावस्था आणि उपशमावस्था अशा तीन टप्प्यांतून जातो. ही विभागणी तापाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून तो दिवस पालकांनी लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

ज्वरावस्था २ ते ७ दिवस टिकते. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल देतात. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मात्र टाळतात, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा संभव वाढतो.

संकटावस्था बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान, सुरू होते आणि २४ ते ४८ तास राहते. पालकांची सर्वाधिक फसगत येथेच होते, कारण इतर बहुतेक आजारांत ताप उतरणे हे बरे होण्याचे चिन्ह असते. बहुसंख्य मुले या काळात खरोखरच बरी होऊ लागतात. काही मुलांत मात्र केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि रक्तातील द्रवभाग छातीच्या व पोटाच्या पोकळीत उतरतो. उरलेले रक्त दाट होते. हे दाटपण हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेल्या भागाच्या, चाचणीतून कळते. मूळ आकड्यापेक्षा त्यात सुमारे २० टक्के वाढ झाली, तर गळती लक्षणीय मानतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणात धोक्याची लक्षणे अशी दिली आहेत : पोटात तीव्र किंवा सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, गळून जाणे किंवा विलक्षण अस्वस्थता, यकृत वाढणे, शरीराच्या पोकळ्यांत पाणी साठणे, आणि हिमॅटोक्रिट वाढत असतानाच प्लेटलेट झपाट्याने घसरणे. यांपैकी एकही आढळल्यास मुलाला विलंब न करता रुग्णालयात न्यावे. हातपाय गार पडले किंवा मुलाला ४ ते ६ तासांत लघवी झाली नाही, तरीही थांबू नये.

प्लेटलेट, अर्थात बिंबाणू, का घटतात याविषयी एकमत नाही. विषाणू अस्थिमज्जेचे काम तात्पुरते मंदावतो आणि नवे बिंबाणू कमी तयार होतात, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार तयार झालेलेच बिंबाणू अधिक वेगाने नष्ट होतात : विषाणूविरुद्ध बनलेली काही प्रतिपिंडे बिंबाणूंनाही चिकटतात, बिंबाणू अकाली उत्तेजित होतात आणि प्लीहा व यकृत त्यांना रक्तातून काढून टाकतात. पहिली प्रक्रिया आजाराच्या आरंभी आणि दुसरी ताप उतरण्याच्या सुमारास प्रबळ असावी, हा मेळ आज अधिक ग्राह्य वाटतो. आकडा चौथ्या-पाचव्या दिवशी इतका वेगाने का कोसळतो, याचाही उलगडा त्यातून होतो. द्रवाची गळती ही केशवाहिन्यांच्या अस्तराशी निगडित अशी निराळी घटना आहे. दोन्ही एकाच काळात घडतात, एवढ्यावरून प्लेटलेट चढवल्याने गळती थांबेल असे समजणे चूक आहे.

हा भेद उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन मुलांचा ताप पाचव्या दिवशी उतरला आहे. पहिल्याच्या प्लेटलेट ७२,००० आहेत. हिमॅटोक्रिट ३६ वरून ४४ वर गेले आहे, सकाळपासून चार उलट्या झाल्या आहेत आणि ते पोट धरून पडून आहे. दुसऱ्याच्या प्लेटलेट २८,००० आहेत. परंतु हिमॅटोक्रिट ३७ वर स्थिर आहे, ते पाणी पिते, त्याला लघवी नीट होते आणि कोठूनही रक्त येत नाही. केवळ प्लेटलेट पाहिल्यास दुसरे मूल अधिक आजारी वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच्या हिमॅटोक्रिटमध्ये २२ टक्के वाढ झाली असून त्याला ताबडतोब मोजून सलाईन देण्याची गरज आहे. दुसऱ्यालाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवून चाचण्या पुन्हा करतात, पण रक्तस्राव नसताना केवळ आकड्यासाठी प्लेटलेट देण्याची सहसा शिफारस नाही. प्रौढ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत (२०१७) अशा प्रतिबंधक प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव कमी झाला नाही, उलट दुष्परिणाम वाढले.

उपशमावस्थेत पाझरलेला द्रव ४८ ते ७२ तासांत रक्तात परततो. भूक लागते, लघवी वाढते आणि कधी अंगावर खाजरे पुरळ उठते. पांढऱ्या पेशी आधी वाढतात व प्लेटलेट मागाहून सावरतात. या टप्प्यावर सलाईन वेळीच कमी केले नाही, तर परतलेल्या द्रवात त्याची भर पडून फुफ्फुसांत पाणी साठते आणि मुलाला धाप लागते.