फरशी आली की मसावि, घंटा आली की लसावि?

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हमखास दोन खुणा सांगितल्या जातात. पहिली म्हणजे फरशीचं गणित आलं की मसावि काढायचा आणि घंटांचं आलं की लसावि. दुसरी म्हणजे प्रश्नात ‘मोठ्यात मोठी’ असं दिसलं की मसावि आणि ‘कमीत कमी’ दिसलं की लसावि. या खुणा बऱ्याचदा चालून जातात, म्हणूनच त्या घातक आहेत. जिथे त्या फसतात, तिथे आपण फसलो हे मुलाला कळतही नाही.

हे उदाहरण बघा. एक खोली ४ मीटर ८० सेमी लांब आणि ४ मीटर २० सेमी रुंद आहे. तिच्यात एकाच मापाच्या चौरस फरश्या बसवायच्या आहेत, एकही कापायची नाही. कमीत कमी किती फरश्या लागतील?

‘कमीत कमी’ वाचून मूल ४८० आणि ४२० चा लसावि काढतं. तो येतो ३३६०. म्हणजे फरशीची बाजू ३३६० सेमी, जवळपास ३४ मीटर, आणि खोली मात्र पाच मीटरचीही नाही! इथे लसावि चालणार नाही हे सांगायला सूत्र लागत नाही, नुसती खोली डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. फरशी खोलीत मावायची आहे. तिची बाजू ४८० मध्येही पूर्ण वेळा बसली पाहिजे आणि ४२० मध्येही. म्हणजे ती दोन्ही संख्यांचा विभाजक हवी. फरश्या कमी लागाव्यात असं वाटत असेल तर प्रत्येक फरशी होईल तेवढी मोठी हवी. म्हणून मसावि, तो ६०. लांबीत ८ आणि रुंदीत ७ मिळून ५६ फरश्या. प्रश्नातलं ‘कमीत कमी’ फरश्यांच्या संख्येबद्दल होतं, मापाबद्दल नव्हतं.

६० हे उत्तर अवयव न पाडताही मिळतं, आणि ते कसं मिळतं हे याच जमिनीवर दिसतं. ४८० × ४२० च्या आयतातून ४२० बाजूचा एक मोठा चौरस बाजूला काढा. ६० सेमी रुंद आणि ४२० सेमी लांब अशी पट्टी उरते. त्या पट्टीत ६० बाजूचे बरोबर ७ चौरस बसतात आणि काहीच उरत नाही. जो चौरस शेवटी काही न उरवता बसला, त्याची बाजू हाच मसावि. मोठ्या संख्येतून लहान वजा करत जाण्याची ही रीत युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. मुलांना ती चौकटीच्या वहीत ८ × ७ चा आयत काढून दाखवावी, फार पटकन समजते.

याच चित्रातून प्रश्नातल्या ‘एकाच मापाच्या’ या शब्दांचं वजनही कळतं. ती अट काढली तर ५६ ऐवजी एक मोठा आणि सात लहान अशा अवघ्या ८ चौरसांत जमीन भरते.

खऱ्या घरात मात्र मसावि क्वचितच उपयोगी पडतो. खोली ४८७ × ४१९ सेमी निघाली तर मसावि १ येतो. म्हणजे एकेक सेंटिमीटरच्या दोन लाखांहून जास्त फरश्या! म्हणून मिस्त्री ६० ची फरशी घेतो, कडेची कापतो आणि सांध्यासाठी जागाही सोडतो. पुस्तकातल्या खोल्यांची मापं मुद्दाम निवडलेली असतात, हे मुलांना सांगितलेलं बरं.

आता पहिली खूण. बाथरूमच्या भिंतीला लावतात तशा ३० × ४५ सेमीच्या आयताकृती टाइल्स आहेत. सगळ्या एकाच दिशेने लावून, न कापता, लहानात लहान चौरस तयार करायचा आहे. टाइल तीच, पण प्रश्न उलटा झाला. आधी जागा दिली होती आणि तुकडा शोधायचा होता. आता तुकडा दिला आहे आणि जागा शोधायची आहे. चौरसाच्या बाजूत ३० ही पूर्ण वेळा बसले पाहिजेत आणि ४५ ही, म्हणजे ती बाजू दोन्हींची विभाज्य संख्या हवी. लसावि ९०, टाइल्स ३ × २ = ६. इथे कोणी मसावि काढला तर १५ येतो, आणि १५ सेमीच्या चौरसात ३० सेमीची टाइल मावतच नाही.

म्हणून मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: दिलेल्या संख्या उत्तरात बसायच्या आहेत, की उत्तर दिलेल्या संख्यांमध्ये बसायचं आहे? उत्तर त्यांच्यात बसायचं असेल तर मसावि, आणि तो दिलेल्या सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही. त्या उत्तरात बसायच्या असतील तर लसावि, आणि तो सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा लहान असूच शकत नाही.

घंटांच्या गणितात हेच वेळेला लावायचं. एक घंटा दर ६ मिनिटांनी वाजते, दुसरी दर ८ मिनिटांनी, आणि सकाळी ६ वाजता दोन्ही एकत्र वाजल्या. पुढचं एकत्र वाजणं जितक्या मिनिटांनी होईल त्यात ६ ही पूर्ण बसले पाहिजेत आणि ८ ही. लसावि २४, म्हणून ६:२४ ला. ‘८ वाजेपर्यंत किती वेळा एकत्र वाजतील’ असं विचारलं तर १२० ला २४ ने भागून ५ लिहितात आणि ६ वाजताचा ठोका राहून जातो. ६:००, ६:२४, ६:४८, ७:१२, ७:३६, ८:०० असे मोजले की ६ होतात.

यातली ‘६ वाजता एकत्र वाजल्या’ ही अट बहुतेक जण नुसती वाचून सोडतात. समजा दुसरी घंटा एक मिनिट उशिरा, ६:०१ ला सुरू झाली. मग पहिली कायम सम मिनिटाला वाजेल आणि दुसरी कायम विषम मिनिटाला. लसावि २४ च आहे, पण त्या कधीच एकत्र वाजणार नाहीत. दोन मिनिटं उशीर झाला तर? ६:०२, ६:१०, ६:१८, आणि ६:१८ ला पहिलीही वाजते. तिथून पुढे दर २४ मिनिटांनी भेट होत राहते. फरक कशाने पडला? ६ आणि ८ च्या मसाविने, म्हणजे २ ने. सुरुवातीतलं अंतर २ ने भागलं जात असेल तर घंटा भेटतात, नसेल तर नाही. दोन भेटींमध्ये किती वेळ जाणार हे लसावि सांगतो, पण भेट मुळात होणार का हे मसावि ठरवतो. ‘घंटा म्हणजे लसावि’ एवढंच पाठ असलेल्या मुलाला हे दिसणं अवघड आहे.

मसावि १ असेल तर सुरुवातीचं अंतर काहीही असो, भेट होतेच. अमेरिकेत जमिनीखाली वाढणारे सिकाडा कीटक आहेत. त्यांचे काही गट दर १३ वर्षांनी बाहेर येतात, काही दर १७ वर्षांनी. दोघांचा मसावि १ आणि लसावि २२१. असे दोन गट १८०३ साली एकत्र बाहेर आले होते, नंतर थेट २०२४ मध्ये आले, आणि आता पुन्हा २२४५ मध्ये येतील.