दुरावा, पत्र आणि भुवई: गुणात्मक पतनियंत्रणाची पार्श्वभूमी

बँक दर, रोख राखीव प्रमाण, रोख्यांची खुल्या बाजारातील खरेदी-विक्री ही संख्यात्मक साधने बँकांकडचा एकूण पैसा आणि त्याचा भाव बदलतात. तो पैसा पुढे गिरणीत गेला की गोदामात भाताची पोती अडवायला गेला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. गुणात्मक साधने नेमकी तिथेच हात घालतात. पाठ्यपुस्तकांत या दोन गटांचा तक्ता असतो आणि गुणात्मक गटात ‘नैतिक समजावणी’ म्हणजे आदेश न काढता सांगून-पत्र लिहून बँकांना आवरणे, बहुधा शेवटी, एका ओळीत उरकलेले असते. इतिहासात मात्र क्रम उलटा आहे. आधी समजावणी झाली, ती फसली, आणि मग निवडक पतनियंत्रणाचे कायदे आले.

ठळक उदाहरण 1929 चे. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उधारीवर सट्टा चालला होता. फेब्रुवारीत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, मंडळाने बँकांना बजावले की सट्ट्याची कर्जे पोसण्यासाठी आमच्याकडून उचल मागू नका. त्याच व्यवस्थेतल्या न्यूयॉर्कच्या राखीव बँकेला हा मार्ग पटत नव्हता. तिला बँकांच्या उचलीवरचा दर 5 वरून 6 टक्के करून हवा होता आणि ती मागणी ती पुन्हा पुन्हा पाठवत होती. मंडळ नकार देत राहिले, कारण दरवाढीने सटोडियाबरोबर शेतकरी आणि कारखानदारही भरडला जाईल. मार्चअखेर बाजारातील मागणीदेय कर्जाचा दर 20 टक्क्यांवर गेला, तेव्हा एका बड्या बँकेच्या प्रमुखाने उघड जाहीर केले की गरज पडली तर आपण अडीच कोटी डॉलर बाजारात ओतू. हा गृहस्थ राखीव बँकेच्या संचालक मंडळावरही होता. शिवाय बँका थोड्या मागे सरल्या तिथे रोकड बाळगून असलेल्या कंपन्यांनी थेट दलालांना कर्जे दिली, आणि त्यांना मंडळाचे पत्र लागू नव्हतेच. ऑगस्टमध्ये दर 6 टक्के झाला, ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला. शेअर खरेदीसाठीच्या कर्जावर किमान दुरावा ठरवण्याचा कायदेशीर अधिकार त्या मंडळाला 1934 मध्ये मिळाला. 1974 पासून तो दुरावा 50 टक्क्यांवर आहे.

दुरावा म्हणजे मार्जिन. तारण मालाच्या किमतीतला जो भाग बँक कर्ज म्हणून देत नाही, कर्जदाराने स्वतःचा घालायचा असतो, तो. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या कर्जव्यवहारात वावरलेल्याला हा शब्द आणि ‘उचल’ हा त्याचा जोडीदार नवा नाही.

भारतात हे हत्यार पहिल्यांदा चालले ते 17 मे 1956 रोजी, भात आणि तांदळावर. त्या वेळी संख्यात्मक पेटी जवळपास रिकामी होती, हे सहसा सांगितले जात नाही. बँक दर नोव्हेंबर 1951 पासून साडेतीन टक्क्यांवर होता आणि तो हलला मे 1957 मध्ये, म्हणजे या आदेशानंतर वर्षभराने. रोख राखीव प्रमाण कायद्यानेच ठरलेले होते. ते कमीजास्त करण्याचा अधिकार 1956 च्या दुरुस्तीने आला आणि प्रत्यक्ष वापरला गेला 1960 मध्ये. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. सरकारला स्वस्त कर्ज आणि उद्योगांना भांडवल हवे होते, आणि धान्याचे भाव चढत होते. सगळ्यांना एकाच दोरीने आवळणे कोणालाच परवडणारे नव्हते. हाताशी होते 1949 च्या बँकिंग कायद्याचे कलम 21, ज्याखाली कोणत्या कारणासाठी, किती दुराव्याने आणि किती मर्यादेपर्यंत कर्ज द्यायचे हे रिझर्व्ह बँक ठरवून देऊ शकते.

आदेशाचा गाभा दोन वाक्यांचा होता. भात-तांदळाच्या तारणावरील दुरावा चालू पातळीपेक्षा किमान 10 टक्के बिंदूंनी वाढवा. आणि कोणत्याही एका कर्जदाराला 50,000 रुपयांवर नवी किंवा वाढीव मर्यादा मंजूर करू नका.

दहा बिंदू ऐकायला थोडे वाटतात. हिशेब करून पाहू. व्यापाऱ्याकडे एक लाखाचा तांदूळ आहे, दुरावा 25 टक्के, म्हणून खात्यावर 75,000 रुपये उचललेले आहेत. दुरावा 35 टक्के झाला की त्याच मालावर 65,000 च मिळतात. खाते 10,000 ने जादा झाले. घरचे पैसे आणून भरले तर प्रश्न मिटला. पण त्याच्याकडे मोकळी रोकड नसेल आणि त्याने माल विकूनच खाते नियमित करायचे ठरवले, तर दहा हजारांचा माल विकून भागत नाही, कारण विकलेल्या मालाबरोबर त्याच्यावरची उचलही जाते. विकलेल्या दर शंभर रुपयांच्या मालातून खात्यातली तूट फक्त 35 रुपयांनी भरते. म्हणून 10,000 ची तूट भरायला सुमारे 28,600 रुपयांचा माल बाजारात आणावा लागतो, म्हणजे साठ्याचा चौथ्या हिश्शाहूनही जास्त. बँक दर पाव-अर्धा टक्का वाढवून याच व्यापाऱ्यावर वर्षाला दोन-चारशे रुपयांचा बोजा पडला असता. भाव महिन्याला दोन टक्के चढत असेल तर एवढ्यासाठी कोणी एक पोतेही सोडत नाही.

दुसरी बाजूही याच हिशेबात आहे. दुरावा टक्क्यांत असतो आणि मालाची किंमत बाजार ठरवतो. तांदूळ साडेपंधरा टक्क्यांनी महागला की तोच साठा 1,15,500 रुपयांचा होतो, त्यावर 35 टक्के दुरावा सोडूनही 75,000 मिळतात, आणि आदेश असून नसल्यासारखा होतो. ज्या भाववाढीला अडवायचे तीच दुरावा खाऊन टाकते. म्हणून नुसत्या दुराव्यावर विसंबता येत नाही. कर्जाच्या रुपयांतील रकमेवरही छत घालावे लागते, आणि ते गेल्या वर्षीच्या त्याच काळातील पातळीशी बांधावे लागते. मागच्या महिन्याशी तुलना करून चालत नाही, कारण धान्यावरचे कर्ज सुगीत फुगते आणि पावसाळ्यात ओसरते. या छतालाही खोट आहे. आधारवर्षात ज्या बँकेने कमी कर्ज दिले तिला कायम कमी वाटा मिळतो, म्हणजे सावधपणाची शिक्षा. आणि भाव वाढल्यावर तेवढ्याच रुपयांत कमी पोती बसतात, त्यामुळे भाताची खरी ने-आण करणारा गिरणीवालाही अडतो.

पळवाटा कुठून फुटतात हे ओळखणे तसे अवघड नसते. पन्नास हजारांची मर्यादा ‘एका कर्जदाराला’ म्हटली की भाऊ, पुतणे आणि भागीदार यांच्या नावाने पेढ्या उघडतात आणि खाती वेगवेगळ्या बँकांत जातात. तांदळावरचे कर्ज ज्या आठवड्यात घटते त्याच आठवड्यात त्याच घराण्याचे विनातारण किंवा घर-सोन्यावरचे कर्ज वाढलेले दिसले, तर पैसा फक्त कप्पा बदलून आला आहे. नजरगहाणात माल व्यापाऱ्याच्याच ताब्यात असल्याने साठापत्रकात तांदळाच्या जागी दुसरे धान्य लिहिणेही सोपे असते. तपासणाऱ्याने साठापत्रक आणि खात्यावरील जमा समोरासमोर ठेवावी. तीन महिने तोच साठा दाखवून खात्यावर विक्रीची भरघोस जमा असेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे. एकाच जिनसावर बंधन घातले की कर्ज शेजारच्या जिनसाकडे सरकते. सप्टेंबर 1956 मध्ये इतर धान्ये, डाळी आणि सुती कापडही यादीत आले, ते या जातीच्या नियंत्रणाच्या स्वभावाला धरूनच.

नोव्हेंबरमध्ये भाताचा आदेश मागे घेतला गेला आणि फेब्रुवारी 1957 मध्ये पुन्हा लागू झाला. याला धरसोड म्हणणारे आहेत. पण सुगीत व्यापाऱ्याला पैसा मिळाला नाही तर खळ्यावर आलेला माल उचलायला कोणी राहत नाही आणि भाव शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. हंगामी मालावरचे नियंत्रण हंगामाप्रमाणे सैल-घट्ट करावेच लागते. चूक असलीच तर वेळेच्या निवडीत शोधावी, तत्त्वात नाही.

आता ‘नैतिक समजावणी’ या शब्दाकडे. सप्टेंबर 1949 च्या अवमूल्यनानंतर बँकांना सट्ट्यासाठी कर्जे देऊ नका असे आवाहन गेले होते, आणि जून 1957 मध्ये शेतमालावरील कर्जे आवरा असे पत्र गेले. लंडनमध्ये तर गव्हर्नरच्या नुसत्या भुवया उंचावल्या तरी बँका समजतात अशी म्हण पडली होती. यात नैतिक काय आहे? पत्र वाचणाऱ्या बँकरला ठाऊक असते की पत्राच्या मागे कलम 21 आहे, शाखांचे परवाने आहेत, तपासणी आहे आणि अडचणीच्या दिवशी मिळणारी उचल आहे. 1929 मध्ये दटावणी चालली नाही, कारण न ऐकणाऱ्याचे काय बिघडणार हे कोणी सांगू शकत नव्हते. 1957 च्या पत्राआधी वर्षभर प्रत्यक्ष आदेश येऊन गेले होते. शब्द तेच, वजन वेगळे. म्हणून समजावणीला दंडविरहित साधन म्हणणे बरोबर, पण दंडाची शक्यता नसलेले साधन म्हणणे चूक. तिची मोठी सोय अशी की पत्राला ना गॅझेट लागते ना व्याख्या, आणि चुकले तर गाजावाजा न करता विसरता येते. तिचा तोटाही तोच: कोणी पाळले आणि कोणी नाही, हे बाहेरच्याला कधीच कळत नाही. ज्या देशात बँका मोजक्या आणि पैसा मुख्यतः बँकांतूनच फिरतो तिथे ती चालते. कर्जदाराला बँकेबाहेर दुसरे दार उघडे असले की तिची धार जाते.

जिनसांवरचे जुने नियंत्रण पुढे तेलबिया, वनस्पती तेल, कापूस, साखर, गूळ असे पसरले आणि ऑक्टोबर 1996 मध्ये साखरेच्या काही साठ्यांपुरते उरले. मात्र दुरावा गेला नाही, तो उलटा होऊन आला. तारणाच्या किमतीच्या 75 टक्केच कर्ज द्या म्हणणे आणि 25 टक्के दुरावा ठेवा म्हणणे एकच. सोन्यावर कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना मार्च 2012 मध्ये 60 टक्क्यांचे बंधन आले, जानेवारी 2014 मध्ये ते 75 झाले. सोन्याचा भाव चढला की उचल आपोआप वाढते, हा 1956 च्या तांदळाचाच दोष इथेही आहे.

नवे साधन भांडवलाच्या वाटेने येते. 6 ऑक्टोबर 2023 च्या पतधोरणात वैयक्तिक कर्जे फार वेगाने वाढत असल्याचे सांगून बँकांना अंतर्गत देखरेख कडक करण्याचा सल्ला दिला गेला. तोच सल्ला सहा आठवड्यांत आदेश बनला. 16 नोव्हेंबरला विनातारण ग्राहककर्जांचा जोखीमभार, म्हणजे भांडवलाच्या हिशेबात कर्ज कितीचे धरायचे ते प्रमाण, 100 वरून 125 टक्के झाला, त्यामुळे 9 टक्के भांडवलाच्या अटीत शंभर रुपयांच्या कर्जामागे 9 ऐवजी सव्वाअकरा रुपये अडकले. गृहकर्ज, वाहनकर्ज, शिक्षणकर्ज आणि सोनेतारण यातून वगळले होते. रेपो दर त्या दिवशी होता तिथेच, साडेसहा टक्क्यांवर राहिला. फेब्रुवारी 2025 मध्ये बिगर-बँक वित्त कंपन्यांना दिलेल्या कर्जांवर त्याच आदेशाने आलेला वाढीव भार काढून घेण्यात आला. वैयक्तिक कर्जांवरचा मात्र तसाच राहिला.