सेंट्रिंग आणि स्लॅब ओतताना सुरक्षितता

ओले काँक्रीट स्वतःचा भार पेलू लागेपर्यंत त्याला धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या साच्याला आणि त्याखालच्या टेकूंना मिळून सेंट्रिंग म्हणतात. सोलापुरात या टेकूंची खरी कसोटी तळमजल्याच्या स्लॅबला लागते, कारण तिथे ते अनेकदा काळ्या मातीवर उभे असतात. ही माती कोरडी असताना दगडासारखी कडक असते आणि पाणी मुरले की लोण्यासारखी मऊ होते.

४ × ५ मीटरच्या खोलीवर १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब घेतला, तर ओल्या काँक्रीटचे वजन सुमारे साडेसहा टन भरते, म्हणजे चौरस मीटरला ३२५ किलो. माणसे आणि साच्याच्या प्लेटा धरून, एकेक मीटरवर लावलेल्या प्रत्येक टेकूवर अर्धा टन भार येतो. टेकूची १५ सेंटिमीटरची तळपट्टी थेट मातीवर टेकवली, तर चौरस सेंटिमीटरला दोन किलोंहून जास्त दाब पडतो. भिजलेली काळी माती तो सोसत नाही. त्याऐवजी २५ सेंटिमीटर रुंदीची जाड फळी सलग अंथरली की तोच दाब दहाव्या हिश्श्यावर येतो. एक टेकू खचला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, आणि तिरपे आधार बांधलेले नसतील तर एकामागून एक सगळेच कलतात. पाचर सैल पडणे, टेकू ओळंब्यातून सुटणे किंवा प्लेटेला पोट येणे दिसले, की ओतणे थांबवून खालची माणसे आधी बाहेर काढावीत.

पंपाने ओतताना एकाच जागी अर्धा मीटर ढीग साचला, तर तिथले काँक्रीटचे वजन ठरल्याच्या चौपट होते. म्हणून पाइप सतत फिरता ठेवावा लागतो. मात्र हाच रबरी पाइप जीवघेणा फटका मारू शकतो. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात पंप थोडा वेळ थांबला तरी पाइपातला माल घट्ट होऊन अडतो. त्यामागे दाब साचतो आणि अडलेला माल अचानक सुटला की पाइपाचे टोक चाबकासारखे उसळते. नळीत हवा शिरली तरी हेच घडते. त्यामुळे पंप सुरू करताना, आणि थांबवून पुन्हा चालवताना, माल एकसारखा वाहू लागेपर्यंत टोकाजवळ कुणीही उभे राहू नये. पाइप तुंबलाच तर पंप उलटा चालवून दाब उतरवल्याशिवाय जोड उघडू नये. टोकाला लोखंडी जोड ठेवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण उसळलेल्या पाइपाचा तोच हातोडा होतो.

काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार, दोन आधारांमधला गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावेत. ही मुदत साध्या पोर्टलँड सिमेंटची आणि तापमान १५ अंशांखाली न गेल्याची आहे. राखमिश्रित पीपीसी सिमेंट सुरुवातीला सावकाश बळ धरते, म्हणून त्याला जास्त दिवस द्यावे लागतात. खरा निर्णय त्याच काँक्रीटचे घन दाबून घेतलेल्या ताकदीच्या चाचणीवर व्हावा. नुसती तारीख मोजून, प्लेटा दुसऱ्या कामावर हव्यात म्हणून टेकू काढणे चुकीचे आहे. खोलीच्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून कडांकडे सैल करत न्यावेत. बाहेर झुकलेल्या गॅलरीचे मात्र मोकळ्या टोकापासून भिंतीकडे.