रेलिंगच्या कव्हरखाली स्टेनलेस स्टील का सडतं?

गोव्यातल्या मिरामार-कारंझाळे पट्ट्यात समुद्राकडे तोंड करून असलेल्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये स्टीलच्या रेलिंगचे खांब जिथे लादीला टेकतात, तिथे जरा वाकून बघा. बेसप्लेट आणि नट झाकायला खांबाच्या बुडाशी एक चकचकीत गोल कव्हर बसवलेलं असतं. पाच-सात वर्षं जुनं काम असेल तर त्या कव्हरच्या कडेतून बऱ्याचदा तांबूस ओघळ बाहेर आलेला दिसतो. कव्हर वर सरकवलं की आत काळपट-तपकिरी ओला लगदा असतो आणि तो पुसला की पाइपच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. सुई घातली तर ती सरळ पाइपच्या पोकळीत जाते. तिथून चार बोटं वर मात्र तोच पाइप नव्यासारखा असतो. खारा वारा दोन्हीकडे सारखाच लागतो, मग सडला तो झाकलेला भाग का?

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या एका पापुद्र्यामुळे. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलं की हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घेऊन त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर तयार होतो. त्याची जाडी असते फक्त दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-तीन. हा थर रंगासारखा एकदा लावून संपत नाही. तो सतत कुठे ना कुठे तुटतो आणि ऑक्सिजन मिळाला की क्षणात भरून येतो. ओरखडा पडलेलं स्टील गंजत नाही ते याच दुरुस्तीमुळे.

मिठातला क्लोराइड नेमका या दुरुस्तीच्या आड येतो. पण सगळीकडे सारखा नाही. पोलाद बनवताना त्यात मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण राहून जातात आणि त्यांच्याभोवती संरक्षक थर कच्चा असतो. क्लोराइडला वाट मिळते ती बहुधा अशाच जागी. तिथे एक अतिसूक्ष्म खड्डा पडतो. असे खड्डे पडतात आणि पुष्कळदा आपोआप विझतातही, कारण उघड्यावर आतलं पाणी बाहेरच्या पाण्यात मिसळून पातळ होतं आणि थर पुन्हा धरतो.

कव्हर आणि पाइप यांच्यामधल्या फटीत हे मिसळणं होत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही अरुंद अशी फट पाणी आत ओढून घेते, पण ते पाणी सहजासहजी बदलू देत नाही. आतला ऑक्सिजन वापरला जातो आणि नवा पोहोचत नाही. थर दुरुस्त करायला लागणारा मालच संपतो. धातूचे धन आयन पाण्यात उतरू लागतात आणि त्यांचा विद्युतभार तोलायला बाहेरून क्लोराइडचे ऋण आयन आत ओढले जातात. शिवाय विरघळलेलं क्रोमियम पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइड बनतं आणि आम्ल मोकळं करतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास असतो. अशा फटीत तो दोनपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. आम्ल आणि क्लोराइड मिळून उरलेला थरही खातात, आणखी धातू विरघळतो, त्यातून आणखी आम्ल तयार होतं. एकदा सुरू झालं की हे स्वतःच स्वतःला पोसतं. ताज्या ओलाव्यावर पीएच कागद टेकवला तर तो लालसर होतो. ही खूण मला सगळ्यात बोलकी वाटते.

बाहेरचं लखलखीत स्टीलही यात सामील असतं. आत धातूने सोडलेले इलेक्ट्रॉन पाइपमधून बाहेर येतात आणि ओल्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनकडे जातात. बाहेरचा पृष्ठभाग मोठा आणि आतला खड्डा इवलासा, त्यामुळे सगळा मारा त्या एका बिंदूवर होतो. रेलिंगच्या पाइपची भिंत १.२ मिलिमीटर धरा. तिला आरपार करणारा अर्धगोल खड्डा पडायला जेमतेम ३० मिलिग्रॅम पोलाद जावं लागतं. म्हणून वजन किंवा एकूण चकाकी बघून काही कळत नाही. खड्ड्याचं तोंडही फसवं असतं: उंदराच्या बिळासारखं बाहेर बारीक छिद्र आणि आत रुंद पोकळी.

आता गोव्याच्या हवेकडे येऊ. पावसाळा स्टीलचा वैरी, असा सर्वसाधारण समज आहे. उघड्या रेलिंगसाठी उलट आहे. जून ते सप्टेंबर पाऊस मीठ धुऊन नेतो. ऑक्टोबर ते मे मात्र खारे तुषार साचत राहतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओलं होतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तेहतीस-चौतीस टक्क्यांवरच ओलं होतं. आपल्याकडे किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच असते. म्हणजे धुतलं न गेलेलं मीठ बहुतेक वेळ अतिदाट द्राव होऊन स्टीलवर बसलेलं असतं. हातपाइपची वरची बाजू स्वच्छ आणि खालच्या बाजूला तपकिरी ठिपके, हे यामुळेच. कव्हरखाली तर पाऊस मीठ आत नेतो, पण बाहेर काढत नाही.

त्यात घरच्या सवयीची भर पडते. नव्या लाद्यांवरचं सिमेंट काढायला वापरतात ते ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे आम्लही आणि क्लोराइडही. ते गॅलरीभर ओतलं की वाहत खांबाच्या बुडाशीच जातं. फटीत जे घडायला महिने लागले असते, ते पहिल्याच दिवशी तयार मिळतं.

फॅब्रिकेटर चुंबक लावून दाखवतो: "बघा, चिकटत नाही, अस्सल माल." चुंबक न चिकटणं म्हणजे पोलादाची स्फटिकरचना ठरावीक प्रकारची आहे, इतकंच. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत तो नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षाही लवकर डागाळतो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, जे खड्ड्याला सुरुवातीलाच आवरतं. क्रोमियमच्या टक्केवारीत मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट मिळवून खड्ड्यांना तोंड देण्याची ताकद दाखवणारा एक आकडा काढतात. ३०४ चा तो १८ ते २० येतो, ३१६ चा २४-२५ आणि २२०५ या डुप्लेक्स स्टीलचा ३५ च्या आसपास. पण पृष्ठभाग खरबरीत आहे की गुळगुळीत, वेल्डिंगचा निळा-तपकिरी डाग काढला की नाही, फट किती अरुंद आहे, यातलं काही त्या आकड्यात येत नाही. घट्ट फट असेल तर ३१६ सुद्धा खड्ड्यातून सुटत नाही. उशीर होतो इतकंच.

म्हणून माझं मत असं: समुद्राजवळ रेलिंग करून घेताना आधी ते कव्हर नाकारा. बेसप्लेटला खांब सगळीकडून सलग वेल्ड करून घ्या, तुकड्या-तुकड्यात नको, कारण दोन टाक्यांमधली जागा हीसुद्धा फटच. वेल्डचा डाग पिकलिंग पेस्टने काढून घ्या. त्या डागाखालचा धातू क्रोमियमला मुकलेला असतो. बेसप्लेट लादीपासून थोडी उंच, उतार असलेल्या ओट्यावर बसवा, म्हणजे पाणी थांबणार नाही. कव्हर आधीच असेल तर ते वर सरकवून बुडाशी गोडं पाणी मारा आणि वाळू द्या. खालच्या सांध्यात सिलिकॉन भरायचं असेल तर आतून पूर्ण धुऊन कोरडं केल्यावरच. ओल्या मिठावर भरलेलं सिलिकॉन ते पाणी आतच कोंडून ठेवतं. आणि ३१६ मागितलं असेल तर मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावाचा थेंब टाकून दाखवायला सांगा. ही चाचणी काही मिनिटांत होते आणि खांब बसवण्यापूर्वी पाइपच्या कापलेल्या तुकड्यावर करता येते.