रजेच्या पैशांवर जास्त टीडीएस कापला गेला असेल तर रिटर्नमधून सूट कशी मागायची

निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि शिल्लक अर्जित रजेचे पैसे हातात येतात. ग्रॅच्युइटीचा हिशोब सहसा बरोबर असतो, कारण त्याचं सूत्र ठरलेलं आहे आणि ऑफिसात ते दरवर्षी कोणासाठी तरी वापरलं जातं. गोंधळ होतो तो रजेच्या पैशांत. कुठे पूर्ण रकमेवर टीडीएस कापलेला असतो, तर कुठे 3 लाखांची जुनी मर्यादा धरून. ही मर्यादा 1 एप्रिल 2023 पासून 25 लाख झाली आहे, पण काही ठिकाणच्या पगार सॉफ्टवेअरपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.

ऑफिसने सूट दिली नाही म्हणून ती बुडत नाही. सूट आयकर कायदा देतो, ऑफिस फक्त अंदाजाने कर कापून भरतं. रिटर्नमध्ये योग्य सूट दाखवली की जादा कापलेला कर परत मिळतो. मात्र किती सूट मागायची ते स्वतः काढावं लागतं, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

सूट कोणाला आणि किती

केंद्र किंवा राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळालेले रजेचे पैसे कलम 10(10एए) नुसार पूर्ण करमुक्त आहेत, त्यांना मर्यादाच नाही. बाकी सगळे, म्हणजे खासगी कंपन्या, सहकारी आणि राष्ट्रीयीकृत बँका, सरकारी महामंडळं आणि सार्वजनिक उपक्रम, दुसऱ्या गटात येतात. बँकेत किंवा महामंडळात आयुष्य काढलेल्यांना हे पटत नाही, पण पगार सरकारी मालकीच्या संस्थेकडून येतो म्हणून माणूस या कलमापुरता सरकारी कर्मचारी होत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे महापालिका, नगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांचे कर्मचारी ग्रॅच्युइटीच्या कलमात सरकारी गटात धरले आहेत, रजेच्या कलमात त्यांचा उल्लेख नाही.

दुसऱ्या गटासाठी चार आकडे काढायचे आणि त्यातला सर्वांत लहान आकडा करमुक्त धरायचा. पहिला, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम. दुसरा, दहा महिन्यांचा सरासरी पगार. तिसरा, शिल्लक रजेची सरासरी पगाराने होणारी किंमत; यात नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे जास्तीत जास्त 30 दिवस रजा धरता येते. चौथा, 25 लाख. हे 25 लाख संपूर्ण आयुष्यासाठी आहेत. आधीची नोकरी सोडताना 3 लाखांची सूट घेतली असेल, तर आता 22 लाखच उरतात.

'पगार' म्हणजे इथे मूळ पगार आणि निवृत्तीलाभासाठी धरला जाणारा महागाई भत्ता. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, विशेष भत्ता यांतलं काहीही त्यात येत नाही. सरासरी काढायची ती निवृत्तीच्या लगेच आधीच्या दहा महिन्यांची, शेवटच्या महिन्याच्या पगाराची नाही.

राजीनामा देऊन बाहेर पडलेल्यालाही ही सूट मिळते, कारण कलमात निवृत्ती 'वयोमानानुसार किंवा अन्यथा' अशी आहे. पण नोकरीत असताना रजा विकून घेतलेले पैसे पूर्ण करपात्र असतात, तिथे ही सूट लागू होत नाही. ही सूट जुन्या आणि नव्या दोन्ही कररचनांत मिळते. नव्या रचनेत वजावटी गेल्या म्हणून हीही गेली असं समजून लोक ती सोडून देतात.

एक उदाहरण

एका सहकारी बँकेतला अधिकारी 32 वर्षांच्या नोकरीनंतर 30 नोव्हेंबर 2024 ला निवृत्त झाला असं धरू. त्याच्या खात्यावर 240 दिवस अर्जित रजा शिल्लक होती. बँकेने शेवटच्या एकूण पगाराने, म्हणजे भत्ते धरून महिना 91,000 रुपयांनी, आठ महिन्यांचे 7,28,000 रुपये दिले. ग्रॅच्युइटी 20 लाखांच्या आत आणि नियमाने पूर्ण करमुक्त होती, म्हणून ती बाजूला ठेवू.

आता मूळ पगार आणि महागाई भत्ता बघायचा. फेब्रुवारी ते जून 2024 असे पाच महिने तो 70,000 होता, जुलैच्या वेतनवाढीनंतर नोव्हेंबरपर्यंत 74,000. दहा महिन्यांचे मिळून 7,20,000, म्हणजे सरासरी 72,000. शिल्लक रजा आठ महिन्यांची, तिची किंमत 8 गुणिले 72,000, म्हणजे 5,76,000. चार आकडे असे झाले: 7,28,000, 7,20,000, 5,76,000 आणि 25,00,000. सूट 5,76,000 ची. उरलेले 1,52,000 रुपये करपात्रच आहेत, मर्यादा 25 लाख असली तरी. '25 लाखांपर्यंत माफ' एवढंच ऐकून पूर्ण 7,28,000 ची सूट मागणारे पुढे नोटिशीत अडकतात.

बँकेने मात्र फॉर्म 16 मध्ये 3,00,000 चीच सूट दाखवली. एप्रिल ते नोव्हेंबरचा पगार 7,13,000, त्यात रजेचे पैसे मिळवून 14,41,000. त्यातून 3 लाख आणि नव्या रचनेची 75,000 ची प्रमाणित वजावट गेली, की करपात्र उत्पन्न 10,66,000. त्यावर आर्थिक वर्ष 2024-25 च्या दराने उपकरासह 62,296 रुपये कर होतो आणि तेवढाच टीडीएस कापला गेला. दुसरं उत्पन्न नाही असं धरलं आणि योग्य सूट लावली, तर करपात्र उत्पन्न 7,90,000 आणि कर 30,160. फरक 32,136 रुपयांचा, तो परताव्यात मिळायला हवा.

आधी कोणते कागद जमवायचे

रिटर्नसोबत काहीही जोडावं लागत नाही, पण विचारणा झाली तर उत्तर कागदांवरच द्यायचं असतं. फॉर्म 16 चे दोन्ही भाग, रजेच्या पैशांचं हिशोबपत्रक, शिल्लक रजेचा दाखला किंवा रजा खात्याचा उतारा, निवृत्तीचा आदेश आणि शेवटच्या दहा महिन्यांच्या पगारपत्रिका एवढं ठेवा. आयकर पोर्टलवरून 26एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या नावावर नोंदलेलं उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणारी विवरणपत्रं, उतरवून टीडीएसची रक्कम फॉर्म 16 शी ताडून पाहा. रजेचा दाखला निवृत्तीनंतर वर्षाने मागायला गेलं की आस्थापना विभागातला माणूस बदललेला असतो, म्हणून तो सेवेत असतानाच घ्यावा.

आर्थिक वर्ष संपायच्या आत चूक लक्षात आली, तर ऑफिसला लेखी अर्ज देऊन उरलेल्या महिन्यांत टीडीएस समायोजित करायला सांगता येतं. वर्ष संपलं तर ऑफिसने दुरुस्त फॉर्म 16 दिलाच पाहिजे अशी वाट बघत बसू नका, परताव्याची ती अट नाही.

रिटर्न भरताना

एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत आणि भांडवली नफ्यासारखी गुंतागुंत नसेल तर आयटीआर-1 पुरतो. पगाराच्या भागात `Nature of Employment` विचारलं जातं. सहकारी बँक किंवा खासगी कंपनी असेल तर `Others` निवडा, महामंडळवाल्यांनी सार्वजनिक उपक्रमाचा पर्याय. पूर्ण सूट मिळावी म्हणून सरकारी पर्याय निवडणं ही चुकीची माहिती ठरते.

त्यानंतर कलम 17(1) च्या रकान्यात पूर्ण 14,41,000 लिहायचे. यातून सूट आधीच वजा करून उरलेला आकडा लिहू नका. तसं केलं तर 26एएसमध्ये दिसणारी पगाराची रक्कम आणि तुमची रक्कम जुळत नाही, आणि तुम्ही टीडीएसचं श्रेय मात्र पूर्ण मागता. रिटर्न सदोष ठरल्याची नोटीस यातून येऊ शकते. सूट वेगळी, `Exempt Allowances` च्या यादीत `10(10AA)` निवडून दाखवायची. तिथे फॉर्म 16 वरून आधीच 3,00,000 भरून आलेले असतील, ते 5,76,000 करा. ग्रॅच्युइटीसाठी त्याच यादीत `10(10)` ची ओळ असते. तीही एकूण पगारात धरली असेल तरच वजा करायची.

शेवटी करगणनेच्या पानावर परताव्याचा आकडा तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळतोय का ते बघा. बँक खातं पोर्टलवर प्रमाणित असू द्या, नाहीतर मंजूर झालेला परतावाही अडकतो. रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करायचं. रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तर परताव्यावर 1 एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, आणि ते व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावं लागतं.

विचारणा आली तर

फॉर्म 16 मध्ये 3 लाख आणि रिटर्नमध्ये 5,76,000, हा फरक प्रक्रियेत दिसतो. कलम 143(1)(अ) खाली दुरुस्तीचा प्रस्ताव आला तर उत्तराला 30 दिवस असतात, आणि गप्प बसलं तर प्रस्तावित बदल लागू होतो. पोर्टलवर असहमती नोंदवून चार आकड्यांचा हिशोब आठ-दहा ओळींत लिहा. कलमाचा क्रमांक, निवृत्तीची तारीख आणि सरासरी पगार त्यात असला की पुरतं. तरीही सूट नाकारलेली सूचना आली तर कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो किंवा 30 दिवसांत अपील.

मुदत संपल्यावर जाग आलेल्यांसाठी एक इशारा. कलम 139(8अ) चं अद्ययावत रिटर्न परतावा मागायला चालत नाही, ते कर वाढवणाऱ्यांसाठी आहे. रिटर्न भरलंच नसेल तर विलंबमाफीचा अर्ज, म्हणजे कलम 119(2)(ब) चा, पोर्टलवरच्या `Condonation Request` मधून करता येतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष, संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो घेतला जातो. वरच्या उदाहरणात 31 मार्च 2031 पर्यंत. उशिराचं खरं कारण दाखवावं लागतं आणि अशा परताव्यावर व्याज मिळत नाही. रिटर्न वेळेत भरलं पण सूट मागायचीच राहिली, तर प्रधान आयुक्तांकडे कलम 264 खाली पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो, 143(1) ची सूचना मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत. हा अर्ज मात्र सीएकडून लिहून घ्यावा.

ही कलमं 31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नासाठी आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांना 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे अर्जात जुने क्रमांक उतरवून देऊ नका.