अँपिअरचा परिपथीय नियम: लांब सरळ तार आणि सोलेनॉइडचं चुंबकीय क्षेत्र

अँपिअरचा परिपथीय नियम म्हणजे करंट आणि त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र यांचा हिशोब जुळवणारा नियम. हवेत कुठलीही बंद वाट मनात आखा, गोल चौकोनी वेडीवाकडी काहीही चालेल, तिचे बारीक तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर वाटेच्या दिशेने जेवढं क्षेत्र आहे त्याला तुकड्याच्या लांबीने गुणा आणि पूर्ण फेरी मारून सगळं बेरजेत घ्या. ही बेरीज त्या वाटेच्या आतून आरपार जाणाऱ्या निव्वळ करंटच्या μ₀ पट येते:

∮ B·dl = μ₀ I

इथे B म्हणजे क्षेत्र, dl म्हणजे वाटेचा बारीक तुकडा, I म्हणजे आतून जाणारा निव्वळ करंट आणि μ₀ हा स्थिरांक, जवळपास 4π × 10⁻⁷ T·m/A.

हा नियम हातात धरून बघायचा असेल तर वायरमनचा टाँग टेस्टर बघा. चिमट्यासारखे जबडे उघडायचे, वायर आत घ्यायची, जबडे मिटायचे की करंट दिसतो, वायर कापावी लागत नाही. मिटलेले जबडे म्हणजेच आपली बंद वाट. वायर बरोबर मधोमध आहे की एका जबड्याला टेकलीय याने आकड्यात फारसा फरक पडत नाही, कारण बेरजेला फक्त आतून किती करंट गेला तेवढंच कळतं. तीच वायर जबड्यातून तीनदा गुंडाळून घेतली तर मीटर तिप्पट दाखवतो, आणि फेज-न्यूट्रल एकत्र असलेली अख्खी केबल आत घेतली तर शून्य, कारण जेवढा करंट जातोय तेवढाच परत येतोय. नवीन पोरं इथे हमखास फसतात, हीटर रसरशीत तापलेला असतो आणि मीटर शून्य दाखवतोय म्हणून मीटरलाच शिव्या घालतात.

नियमाला नाव अँपिअरचं असलं तरी या बंद वाटेच्या रूपात तो मांडला मॅक्सवेलने, १८५५-५६ च्या सुमारास. ओर्स्टेडने कोपनहेगनमध्ये करंटवाल्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं ते १८२० साली, आणि अँपिअरने लगेच तारांमधल्या बलाचं गणित हाती घेतलं, ते काम वेगळं. सोलेनॉइड हा शब्द मात्र अँपिअरचाच, ग्रीकमधल्या नळी या अर्थाच्या शब्दावरून घेतलेला. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला नालकुंतल म्हणतात, शब्द छान आहे पण लॅबमध्ये सगळे सोलेनॉइडच म्हणतात, म्हणून पुढे तोच वापरलाय.

लांब सरळ तार

नियम नेहमीच खरा असतो (स्थिर करंटसाठी), पण त्यातून क्षेत्र *काढता* येणं ही वेगळी गोष्ट. बेरीज कळली म्हणून बेरजेतला प्रत्येक आकडा कळत नाही. तो कळायला सगळे आकडे सारखे असावे लागतात, आणि तसं व्हायला सिमेट्री लागते. लांब सरळ तारेत ती असते: तारेभोवती फिरलं किंवा तारेच्या बाजूने वर-खाली सरकलं तरी काही बदललेलं दिसत नाही, म्हणजे क्षेत्र फक्त तारेपासूनच्या अंतरावर अवलंबून. दिशा तारेभोवती गोल, उजव्या हाताचा अंगठा करंटच्या दिशेने ठेवला की बोटं वळतात तशी. मग वाट म्हणून r त्रिज्येचं वर्तुळ घ्यायचं, त्यावर सगळीकडे B सारखंच आणि वाटेच्याच दिशेने, त्यामुळे बेरीज झाली B × 2πr, आणि

B = μ₀I / 2πr

प्रत्यक्ष करून बघू. टेबलावर होकायंत्र ठेवलं, त्याच्या बरोबर वर २ सेंटिमीटरवर सरळ तार उत्तर-दक्षिण ताणली आणि डीसी सप्लायमधून २ अँपिअर सोडले. B येतं २० मायक्रोटेस्ला. कोकण किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग ३८-३९ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे आणि तो सुईला उत्तरेकडे ओढतोय, तार पूर्व-पश्चिम ओढतेय, म्हणजे वळणाच्या कोनाचा टॅन साधारण २० भागिले ३८.५, कोन २७ अंश. तार ४ सेंटिमीटरवर नेली की B निम्मं, कोन १५ अंशांजवळ. कोन बरोबर निम्मा होत नाही कारण निम्मं होतं ते क्षेत्र, म्हणजे टॅन, आणि हे न कळल्यामुळे जर्नलमध्ये बऱ्याच जणांचा ग्राफ सरळ येत नाही. ग्राफ काढायचा तो tan θ विरुद्ध 1/r.

अंतर मोजायचं ते तारेच्या मध्यापासून सुईपर्यंत, काचेपर्यंत नाही. २ सेंटिमीटरच्या प्रयोगात अर्ध्या सेंटिमीटरची चूक म्हणजे पंचवीस टक्क्यांची भानगड. दुसरी चूक याहून मजेशीर, आमच्या लॅबमध्ये आम्ही स्वतः केलेली: सुटी वायर मिळेना म्हणून दोन वायरी चिकटलेली साधी फ्लेक्स ताणली, एकीतून करंट गेला आणि दुसरीतून परत आला. दोन वायरींत ३ मिलिमीटर अंतर धरलं आणि एक दुसरीच्या वर आहे असं मानलं तर २ सेंटिमीटरवर उरतात जेमतेम अडीच मायक्रोटेस्ला, सुई चार अंश हलली तर हलली. आम्ही अर्धा तास कनेक्शन तपासत बसलो होतो. परतीची वायर दूरून, निदान मीटरभर बाजूने फिरवून आणायची.

'लांब' म्हणजे किती लांब हेही विचारायला हवं. मधल्या बिंदूवर बघितलं तर तारेची लांबी अंतराच्या दहापट असली की अनंत तारेच्या सूत्राचं उत्तर २ टक्क्यांच्या आत येतं, चौपट असेल तर १० टक्क्यांच्या वर चूक. आणि छोट्या तुकड्याला अँपिअरचा नियम थेट लावूच नये, कारण करंट तुकड्याच्या टोकाशी येऊन संपू शकत नाही, त्याला पुढचं सर्किट लागतंच. पूर्ण सर्किट घेतलं की नियम खरा, पण सिमेट्री गेलेली असते, मग बायो-सावार्टच्या नियमाने तुकड्यातुकड्याने जोडत बसायचं.

1/r ने कमी होणं म्हणजे फार हळू कमी होणं, आणि याचा फटका मुंबईला बसलाय. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी चालू होत्या. शहरात इलेक्ट्रिक ट्राम येणार म्हटल्यावर हे काम अलिबागला हलवावं लागलं, १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या म्हणजे जुने-नवे आकडे जोडता येतील. ट्रामचा करंट वरच्या तारेतून जातो आणि रुळांतून परततो, काही जमिनीत पसरतो, म्हणजे फ्लेक्ससारखी जवळजवळची जोडी नाही, एकमेकांना नीट खोडत नाहीत. समजा १०० अँपिअरचा हिशोब जुळला नाही तर १०० मीटरवर ०.२ मायक्रोटेस्ला, आणि वेधशाळेला त्याहून कितीतरी बारीक बदल टिपायचे असतात.

सोलेनॉइड

सोलेनॉइड म्हणजे नळीवर एकाला एक लागून वेढे घातलेली तार. इथे वर्तुळ नाही, आयत कामाला येतो, आणि तो तीनदा वापरायचा. आधी अनंत लांब सोलेनॉइड धरा, क्षेत्र अक्षाला समांतर. आयत पूर्ण बाहेर घेतला तर आतून करंट नाही, म्हणजे अक्षाला समांतर असलेल्या दोन्ही बाजूंवर क्षेत्र सारखं, आणि एक बाजू खूप लांब नेली की तिथे शून्य, म्हणून बाहेर सगळीकडे शून्य. आयत पूर्ण आत घेतला तर तसंच, क्षेत्र आत सगळीकडे सारखं, अक्षावर असो की भिंतीजवळ. मग आयताची एक बाजू आत आणि एक बाहेर: बेरजेत फक्त आतली बाजू उरते, B × l, आणि आयतातून करंट जातो तो nl वेढ्यांचा, म्हणून

B = μ₀nI

यात n म्हणजे *एका मीटरमधले* वेढे, एकूण वेढे नाहीत. परीक्षेत मार्क इथेच जातात. त्रिज्या सूत्रात नाहीच, नळी जाडी असो की बारीक, लांबीच्या मानाने ती लहान असली म्हणजे झालं.

एक खरा सोलेनॉइड धरू: ४ सेंटिमीटर व्यासाची पीव्हीसी नळी, त्यावर साधारण ०.९ मिलिमीटरच्या इनॅमल वाइंडिंग वायरचे ३० सेंटिमीटरमध्ये ३०० वेढे, एकच थर. n झाले १०००. २ अँपिअरला सूत्र सांगतं २.५१ मिलिटेस्ला. लांबी मर्यादित असल्याची दुरुस्ती मध्यभागी L/√(L²+D²), L म्हणजे लांबी आणि D म्हणजे व्यास, इथे ०.९९, म्हणजे २.४९. हीच नळी ४ सेंटिमीटरच लांब असती तर ०.७१, मग सूत्राने सरळ चाळीस टक्के जास्त सांगितलं असतं. तार लागते ३८ मीटरच्या आसपास, रेझिस्टन्स एक ओहम, म्हणजे ४ वॅट उष्णता, कोमट होते इतकंच. ६ अँपिअर सोडाल तर ३६ वॅट, मग वास येईपर्यंत थांबू नका.

टोकाशी क्षेत्र निम्मं होतं, इथे १.२५ मिलिटेस्ला, आणि हे गणित न करताही पटतं: लांब सोलेनॉइड मधोमध कापला असं समजा, कापलेल्या जागी दोन्ही अर्ध्यांचा वाटा सारखाच, दोन्ही मिळून पूर्ण, म्हणजे एकाचा निम्मा. क्षेत्र मोजणारं हॉल प्रोब आत सरकवत गेलं की हे दिसतं, टोकापासून दोन-तीन व्यास आत गेल्यावर आकडा हलायचा थांबतो.

बाहेर मात्र होकायंत्र गप्प बसत नाही. याच सोलेनॉइडच्या मध्याशी, अक्षापासून १० सेंटिमीटर बाजूला जवळपास १३ मायक्रोटेस्ला असतात, आतल्याच्या दोनशेव्या भागाइतकं, कारण टोकातून निघालेलं क्षेत्र बाहेरून वळून परत येतं. एवढंच नाही. सोलेनॉइडभोवती एक मोठं वर्तुळ घ्या, नळीला कड्यासारखं, आणि त्याला अँपिअरचा नियम लावा. वेढे स्क्रूच्या आट्यांसारखे तिरके पुढे सरकत असतात, म्हणजे ३०० वेढ्यांमधून एक अख्खा करंट I या टोकाकडून त्या टोकाकडे गेलेलाच आहे. वर्तुळातून तो आरपार जातो, तर बाहेर सरळ तारेचंच क्षेत्र, μ₀I/2πr, १० सेंटिमीटरवर ४ मायक्रोटेस्ला, नळीभोवती गोल. सोलेनॉइड अनंत लांब केला तरी हे जात नाही. 'बाहेर शून्य' म्हणताना पुस्तक प्रत्येक वेढा सुटं बंद कडं आहे असं धरून चालतं. घालवायचं असेल तर दुसरा थर उलट्या दिशेने सरकत आणायचा, गोल फिरण्याची दिशा तीच ठेवून, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकाच टोकाशी येतात आणि सरकता करंट खोडला जातो. हे झालंय का ते बघायला टाँग टेस्टरच पुरे: सप्लाय एसी करा आणि सोलेनॉइडची नळी जबड्यात मावते का बघा, एका थराला मीटर तारेतला करंट दाखवेल, दोन थरांना शून्याजवळ.