बारावर दोन फुकट म्हणजे डिस्प्ले स्कीम नव्हे

सोलापुरात शेंगदाणा चटणी, कडक भाकरी, मसाले, पापड असा पाकीटबंद माल करणारे नवे उद्योजक दरवर्षी उभे राहतात. त्यातले बरेच जण पहिल्या तीन महिन्यांत एकच चूक करतात. दुकानदाराला 'स्कीम' द्यायची हे त्यांना कळलेलं असतं, पण स्कीम दोन वेगळ्या कामांसाठी असते हे कुणी सांगितलेलं नसतं. दुकानदाराने माल घ्यावा म्हणून एक स्कीम असते आणि त्याने तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा म्हणून दुसरी. लोक पहिली देतात आणि दुसरीच्या निकालाची वाट बघत बसतात.

पहिलीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. बारा पाकिटं घेतली की एक किंवा दोन फुकट. पाच डझनाला स्टीलचा डबा. महिनाअखेरीला सेल्समन बिलावर जास्तीचा डिस्काउंट लिहून टार्गेट भरतो. ही खरेदीवरची स्कीम. दुसरी विक्रीवरची. तिच्यात ठरलेल्या जागी माल दिसत राहिला तर डिस्प्लेचे पैसे मिळतात आणि काउंटरवरून खरोखर गेलेल्या पाकिटांवर इन्सेंटिव्ह मिळतो.

खरा घोटाळा 'सेकंडरी' या शब्दापाशी होतो. कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे माल गेला की ती प्रायमरी आणि डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेला की सेकंडरी. सेकंडरीचा आकडा वर गेला की मालक म्हणतो, 'माल खपायला लागला.' पण खपलेला काहीच नसतो, तो फक्त एका गोदामातून दुसऱ्या माळ्यावर गेलेला असतो. दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे होणारी विक्री कुठल्याच बिलात दिसत नाही, आणि नव्या मालाचं भवितव्य तिच्यावरच ठरतं. 'या महिन्यात साठ दुकानं भरली' असं अभिमानाने सांगितलेलं ऐकलं की मला राग येतो. भरलेल्या दुकानांपैकी रिकामी किती झाली, ते सांगा ना.

एका दुकानाचा हिशोब मांडून बघू. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या मालाचे घालून बघा. जुळे सोलापुरातलं मध्यम किराणा दुकान घ्या. शेंगदाणा चटणीचं शंभर ग्रॅमचं पाकीट, एमआरपी 50 रुपये. जुना, नावाजलेला माल दुकानदाराला 43 रुपयांना पडतो आणि आठवड्याला वीस पाकिटं जातात. म्हणजे आठवड्याला 140 रुपये सुटतात. तुमचं नवं पाकीट तुम्ही 40 रुपयांना देता. पाकिटामागे दहा रुपये सुटतात म्हणून तो तुमचाच माल पुढे करेल, असं तुम्ही धरून चालता. पण गिऱ्हाइकाला कुणी काही न सांगता तुमची आठवड्याला तीनच पाकिटं जातात. त्यात त्याला तीस रुपये मिळतात. जास्त मार्जिन कागदावर राहतं आणि त्याचं लक्ष 140 देणाऱ्या मालाकडेच असतं.

आता तुम्ही बारावर दोन लावता. तो चार डझन उचलतो, वर आठ फुकट मिळतात. 1920 रुपयांत 56 पाकिटं, म्हणजे एक पाकीट त्याला सुमारे 34 रुपयांना पडलं. तुमचा खर्च आठ पाकिटांचा, 320 रुपये. सेल्समन खूश होतो आणि तुमचा सेकंडरीचा आकडा वर जातो. पण आठवड्याला तीनच जात होती, त्यात काहीच फरक पडलेला नाही. पाकिटावर तीन महिन्यांची मुदत असेल तर तेरा आठवड्यांत 39 पाकिटं जातील. उरलेली 17 दाण्याचा खवट वास धरून तुमच्याकडे परत येतील. ती बदलून दिलीत तर आणखी 680 रुपये गेले, आणि नाही दिलीत तर ते दुकान गेलं. या तीन महिन्यांत दुसरी ऑर्डर येणारच नव्हती, कारण माल संपलाच नव्हता. दुकानदार पहिल्याच दिवशी हे बोलून दाखवतो: 'ठेवतो की ओ, पण खपलं नाही तर परत न्यायचं हं.' त्याला ही भीती आधीपासून असते. तिचा विचार स्कीम लिहिणाऱ्याने करायला हवा.

याच दुकानात दुसरी रीत लावून बघा. पहिल्या दिवशी एकच डझन, 480 रुपये, फुकट काही नाही. गिऱ्हाइकाला समोर दिसेल अशी जागा ठरवायची आणि तिचे आठवड्याला 50 रुपये, चार आठवडे. पहिला डझन संपला की पुढे सहाच्या प्रत्येक ऑर्डरवर एक पाकीट फुकट. डिस्प्लेमुळे आणि दुकानदाराच्या दोन शब्दांमुळे आठवड्याला तीनाची सहा झाली असं धरू. पहिला डझन दोन आठवड्यांत संपतो. नंतर दोनदा सहा-सहा येतात, वर दोन फुकट. चार आठवड्यांत 24 पाकिटं गेली. दुकानदाराला त्यात 240 रुपये आणि डिस्प्लेचे 200, असे 440 मिळाले. शिवाय फुकटची दोन पाकिटं फळीवर आहेत आणि त्याचे 480 रुपयांपेक्षा जास्त पैसे एकदाही अडकले नाहीत. तुमचा खर्च 280 रुपये, म्हणजे आधीपेक्षा कमीच. मुख्य म्हणजे तुमच्या हातात तीन ऑर्डरी आहेत. आणि आठवड्याला सहाऐवजी तीनच गेली असती, तर ते तुम्हाला महिन्यातच कळलं असतं, मुदत संपल्यावर नव्हे.

बारावर दोनची आणखी एक वाईट सवय आहे. मोठं दुकान स्कीममध्ये जादा माल उचलतं आणि 34 ला पडलेला माल आसपासच्या छोट्या दुकानांना 36 ला फिरवतं. मग तुमचा माणूस त्या छोट्या दुकानात 40 चा भाव घेऊन गेला की दुकानदार त्यालाच लबाड ठरवतो. स्कीम बंद केली तरी बाजारात भाव 36 च राहतो. नव्या मालाचा भाव एकदा असा पडला की परत वर चढत नाही.

डिस्प्ले म्हणजे भिंतीवर पोस्टर, हा गैरसमजही सोडा. सोलापुरातली बहुतेक किराणा दुकानं अजून काउंटरची आहेत. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून मागतं आणि दुकानदार आतून काढून देतो. त्यामुळे मॉलसाठी लिहिलेले फळीचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. इथे कामाच्या जागा दोनच: काउंटरची काच आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लटकणारी लडी. ठरवताना 'समोर ठेवा' एवढंच म्हणू नका. 'बारा पाकिटांची लडी, जुन्या चटणीच्या शेजारी, बाहेरून दिसेल अशी' असं लिहून द्या. पहिल्या दिवशी फोटो घ्या, मधे एकदा न सांगता जा, आणि पैसे चौथ्या आठवड्यानंतरच द्या. आगाऊ दिलेल्या डिस्प्लेच्या पैशांत लडी दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी तिथे शाम्पूच्या पुड्या लटकतात.

दुकानदार गिऱ्हाइकाचं मन वळवेल का, हे तुमचा माल कसा मागितला जातो त्यावर आहे. पार्ले-जी मागणाऱ्याला दुसरं बिस्किट देऊन बघा, तो पुढच्या दुकानात जाईल. तिथे दुकानदाराला कितीही इन्सेंटिव्ह दिलात तरी उपयोग नाही. चटणीचं तसं नाही. बरेच लोक नुसतं 'शेंगदाणा चटणी द्या' म्हणतात, आणि त्या क्षणी कुठलं पाकीट उचलायचं ते दुकानदार ठरवतो. इन्सेंटिव्ह त्या क्षणासाठी असतो. तरीही तो कचरतो, कारण चव बिघडली तर गिऱ्हाईक कंपनीला नाही, त्यालाच बोलणार. त्यावर उपाय साधा आहे. काउंटरवर चवीसाठी एक छोटी झाकणाची डबी ठेवा आणि दर आठवड्याला तिच्यात ताजी चटणी भरा. त्याने स्वतः चव घेतली की 'ही पण चांगली आहे, घेऊन बघा' हे त्याच्या तोंडून सहज निघतं.

विक्रीवरचा इन्सेंटिव्ह मोजायचा कसा, इथे लोक हात टेकतात. लडीचा रिकामा पुठ्ठा परत आणला की पैसे, ही पद्धत काही जण लावतात. पण पाकिटं काढून पोत्यात टाकली तरी पुठ्ठा रिकामाच होतो. त्यापेक्षा साठा मोजा. सुरुवातीला किती होता, मधे किती घेतला, आज किती उरला. पहिल्या दोनांच्या बेरजेतून तिसरा वजा केला की खरी विक्री. सेल्समनला दर खेपेला पाच मिनिटं लागतात, वर मुदतीच्या तारखाही बघून होतात. मोठं दुकान उरलेला माल पुढे सरकवून हाही आकडा फुगवू शकतं. म्हणून अशा दुकानांना एका खेपेला किती पाकिटं द्यायची याची मर्यादा ठेवा.

खरेदीवरची स्कीम कधीच देऊ नये, असं मी म्हणत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. तेव्हा स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपासची दुकानं गावाला न्यायची चटणी आणि कडक भाकरी भरपूर विकतात. मागणी नक्की असेल आणि माल कमी पडण्याचीच भीती असेल, तर आधी दुकान भरून घेण्यात शहाणपण आहे. मात्र तिथल्या विक्रीवरून निष्कर्ष काढू नका. प्रवासी एकदाच घेतो. तीच बाई पुन्हा येऊन तेच पाकीट मागते का, हे विजापूर रोडवरच्या किंवा जुळे सोलापुरातल्या वस्तीतल्या दुकानात कळतं. नवा माल आधी तिथे लावा.

राहिलं पैसे देणं. डिस्प्लेचे 200 रुपये पुढच्या बिलात वळते करू नका, सेल्समन कितीही आग्रह धरो. बिलात वळते झाले की दुकानदार ते भावातली सूट म्हणून धरतो आणि पुढच्या महिन्यात लडी काढूनही तेवढीच सूट मागतो. ते वेगळे द्या आणि कुठल्या चार आठवड्यांच्या जागेचे ते पावतीवर लिहा. दुकानात माल काढून देणारा नोकर असेल, तर मालकाला विचारून विक्रीच्या इन्सेंटिव्हचा एक भाग त्याच्या नावाने ठेवा. गर्दीच्या वेळी मालक गल्ल्यावर असतो, आणि कुठलं पाकीट उचलायचं ते हा पोरगा ठरवत असतो.